‘हे असं किती दिवस चालणार?’ या प्रश्नाला तारीख द्या

*माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. अजून चार-पाच शब्दच बोलतो. डॉक्टरांनी स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करायला सांगितली. घराजवळच्या सेंटरमध्ये मंगळवार आणि गुरुवार, दुपारी साडेचार ते सहा अशी वेळ मिळाली आहे. मी हडपसरला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, साडेनऊ ते सहा, शनिवार-रविवार सुट्टी. घर धायरीला. नवरा चाकणला शिफ्टमध्ये असतो. सासूबाई घरी असतात, पण मुलगा रस्त्यात हात सोडून पळतो, त्यामुळे त्या एकट्या त्याला नेऊ शकत नाहीत. गेले सात आठवडे हाफ डे टाकून मीच नेतेय. परवा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, हे असं किती दिवस चालणार?” मला उत्तरच देता आलं नाही. त्यांना काय सांगू? मुलाला काय झालंय ते सांगावं लागेल का? की नोकरीच सोडू?*

*– एक आई, पुणे*

ताई,

सरांनी हे चारचौघांत विचारायला नको होतं. ते तुम्हाला लागलं, आणि लागणारच. पण त्या प्रश्नाला खरंच एक उत्तर आहे, आणि ते अजून तुम्हालाच कुणी दिलेलं नाही. म्हणून सरांच्या केबिनमध्ये जाण्याआधी ते मिळवू या.

मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात काढली. रजेचे अर्ज टेबलाच्या पलीकडून पाहिलेत, त्यामुळे अर्ज कुठे अडकतो ते मला माहीत आहे. तुम्ही आतापर्यंत जे केलंत त्यात एकच चूक आहे आणि ती बहुतेक सगळे आईबाप करतात. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येणारी गोष्ट तुम्ही रजेत बसवताय. ती रजेत बसत नाही. हिशेब करून बघा. आठवड्याला दोन हाफ डे म्हणजे एक पूर्ण दिवस. वर्षाचे ५२ दिवस. तुमच्या ऑफिसला महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल, तर त्यात वर्षाला ८ कॅज्युअल आणि कामाच्या दर २० दिवसांमागे १ अर्जित रजा धरलेली आहे. पाच दिवसांच्या आठवड्यात दोन्ही मिळून वीस-एकवीस दिवस झाले. कंपनीने मन मोठं करून चार-सहा जास्त दिले, तरी साधारण सहा महिन्यांत खडखडाट. त्यातले सात दिवस तुमचे गेलेच आहेत. मधे मुलाला ताप आला, घरात लग्न निघालं, तर काढायला एक दिवस शिल्लक राहणार नाही. शिवाय दर हाफ डेला सरांची परवानगी मागायची, म्हणजे आठवड्यातून दोनदा त्यांना आठवण करून द्यायची की तुम्ही जाताय. सात आठवड्यांत चौदा वेळा ते झालं. त्यांचा प्रश्न त्या चौदाव्या वेळेतून आलाय.

तेव्हा मागायची आहे ती कामाच्या वेळेतली अदलाबदल. तास तेवढेच, पगार तोच, फक्त दोन दिवशी घड्याळ वेगळं, आणि तेही ठराविक मुदतीसाठी. रजा आणि वेळबदल या दोन गोष्टी कंपनीच्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत असतात. रजा म्हणजे काम बुडणं. वेळबदल म्हणजे काम तेवढंच होणं. तुमचं बोलणं पहिल्या वाक्यापासून दुसऱ्या खणात गेलं पाहिजे.

सुरुवात सेंटरपासून करा. थेरपिस्टला विचारा की पहिलं पुनर्मूल्यमापन कधी करणार. साधारणपणे तीन किंवा सहा महिन्यांनी मुलाला पुन्हा तपासतात, काय साधलं ते बघतात आणि पुढे आठवड्याला किती सत्रं लागतील ते ठरवतात. ती तारीख म्हणजे सरांच्या प्रश्नाचं उत्तर. थेरपी एकूण किती चालेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्हीही सांगायच्या फंदात पडू नका. ‘दोन-तीन महिन्यांत होईल बरा’ असं घाईत बोलून जाल आणि चौथ्या महिन्यात तेच वाक्य तुमच्यावर उलटेल. ‘३० तारखेला पुनर्मूल्यमापन आहे, तोपर्यंत ही वेळ लागेल, त्या आठवड्यात तुम्हाला पुढचं सांगते,’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट सेंटरला विचारायची ती वेळेची. साडेचार ते साडेसात ही तिथली सगळ्यांत गर्दीची वेळ, कारण शाळेत जाणारी मुलं तेव्हाच येतात. सकाळच्या वेळा बऱ्याचदा मोकळ्या असतात. तुमचा मुलगा अजून मोठ्या शाळेत जात नाही, तो सकाळी जाऊ शकतो. थेरपिस्टला हेही विचारा की तो कुठल्या वेळी जास्त बसतो, लक्ष देतो. या वयाची मुलं दुपारी झोपतात, आणि साडेचारला अर्धवट झोपेतून उठवून नेलेलं पोर पहिली वीस मिनिटं रडण्यातच घालवतं. तसं होत असेल तर सकाळची वेळ त्याच्यासाठीही चांगली. ती लगेच मिळाली नाही तरी प्रतीक्षायादीत नाव घाला.

आता सासूबाईंचा विषय. त्यांना ने-आण झेपत नाही हे खरं, पण झेपलं असतं तरी मी तुम्हाला सगळं त्यांच्यावर सोडू नका असंच म्हटलं असतं. या वयाची थेरपी खोलीत अर्धी होते, उरलेली घरी. तुम्ही पाहिलं असेल, थेरपिस्ट घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात मुलाच्या आवडीची वस्तू ठेवते आणि डबा त्याच्या हातात देते. तो उघडायला धडपडतो, चिडतो, शेवटी डबा तिच्या हातात देतो. ती लगेच उघडत नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघत थांबते. मग ‘उघड’ म्हणते, परत थांबते, आणि त्याच्या तोंडून नुसता ‘उ’ आला तरी झाकण काढते. ते थांबणं शिकायचं असतं. आपण घरी प्रेमाने अर्ध्या सेकंदात डबा उघडून देतो, आणि बोलायची गरजच संपते. सत्राच्या शेवटच्या दहा मिनिटांत थेरपिस्ट हे पालकांना दाखवते, म्हणून आईबापांपैकी कुणीतरी तिथे हवं असतं. सरांनी ‘घरचं कुणी नेऊ शकत नाही का?’ असं विचारलं, आणि ते विचारणारच, तर तुमच्याकडे हे उत्तर आहे: ‘पालकाने हजर राहून शिकायचं असतं, सेंटरने तसं लिहून दिलंय.’ सासूबाईंनाही अधूनमधून बरोबर न्या, दिवसभर त्याच्याबरोबर त्या असतात.

ते लिहून देणं कसं असावं, ते सांगते. सेंटरच्या लेटरहेडवर चार ओळी. मुलाचं नाव, थेरपीचे वार आणि वेळ, कधीपासून कधीपर्यंतचा टप्पा, आणि पालकाची उपस्थिती आवश्यक आहे हे वाक्य. खाली सही-शिक्का. निदानाचा शब्द त्यात नको. बहुतेक सेंटर असं पत्र लगेच देतात, रिसेप्शनवर मागितलं की एक-दोन दिवसांत मिळतं.

निदान सांगावं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. सांगावं लागत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाचं निदान कधीकधी पक्कंही नसतं. आज जे लिहिलंय ते सहा महिन्यांनी बदलू शकतं, पण ऑफिसात एकदा फिरलेला शब्द परत घेता येत नाही. ‘त्याच्या बोलण्याला उशीर होतोय, डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा थेरपी सांगितली आहे,’ हे वाक्य पूर्ण खरं आहे. त्यावर कुणी खोदून विचारलं तर ‘तपासण्या चालू आहेत’ म्हणा आणि थांबा. पण खोटं मात्र सांगू नका. मी पाहिलंय, लोक दाताच्या डॉक्टरांचं, गावच्या कामाचं, बँकेचं निमित्त काढतात. ती निमित्तं महिनाभर पुरतात आणि मग खऱ्या कारणावरही विश्वास उरत नाही. आणि कृपा करून मुलाच्या मूल्यमापनाचा पूर्ण अहवाल एचआरला मेल करू नका. त्यात तुमच्या गरोदरपणापासून घरातल्या आजारांपर्यंत सगळं असतं. ती फाइल किती जणांच्या हातून जाते, हे मी आतून पाहिलेलं आहे.

आता खरा प्रस्ताव. कागद घ्या, तुमचे तास मांडू. साडेनऊ ते सहा, मधे अर्धा तास जेवण, म्हणजे रोज ८ तास, आठवड्याचे ४०. मंगळवार-गुरुवारी साडेचारला सेंटरवर पोचायचं तर हडपसरहून साडेतीनला निघावं लागेल. म्हणजे दिवसाला अडीच, आठवड्याला ५ तास कमी पडले. कामाचे दिवसही पाचच. पाचही दिवस एक तास आधी, साडेआठला आलात की ५ तास भरून निघाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेआठ ते सहा. मंगळवार, गुरुवार साडेआठ ते साडेतीन. एकूण ४०. सरांना आकडेमोड करायला लागू नये, ती तुम्ही करून न्यायची.

हे नेण्याआधी एक बारीक चौकशी करा: साडेआठला ऑफिस उघडतं का, आणि किल्ली कुणाकडे असते. हसू नका, इथे लोक अडकलेत. दार नऊला उघडत असेल तर तुमचा अख्खा हिशेब कोसळतो, आणि तो सरांसमोर कोसळला तर वाईट. शिपायाला किंवा सिक्युरिटीला आजच विचारून ठेवा.

सकाळची वेळ मिळाली तर दुसरा प्रस्ताव असा होईल. मंगळवार-गुरुवारी नऊ ते साडेदहा थेरपी, मुलाला घरी सासूबाईंकडे सोडून बारापर्यंत ऑफिस, आणि मग सातपर्यंत काम. बाकी तीन दिवस साडेआठ ते सहा. तास पुन्हा ४०. शक्य झालं तर दोन्ही प्रस्ताव घेऊन जा. ‘मला सवलत द्याल का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरं असतात, आणि घाईतला माणूस नाही म्हणतो. ‘सर, यातलं कुठलं आपल्या कामाला सोयीचं पडेल?’ असं विचारलं की त्यांचं डोकं निवडीकडे वळतं. अकाउंट्समध्ये दुपारनंतर प्रश्न जास्त येतात, पार्ट्यांचे फोन, बँकेचं काम, त्यामुळे तुमचे सर उशिरा येण्याचा पर्याय पसंत करतील असा माझा अंदाज आहे. पण निवडू त्यांनाच द्या.

आणि यात तुमच्या नवऱ्याचं नाव कुठे आहे? पत्रात ‘शिफ्टमध्ये असतो’ एवढ्यावर तो विषय संपलाय. शिफ्ट ही इथे अडचण नाही, उलट सोय आहे. त्यांच्याकडे तीन शिफ्ट आठवड्याने फिरत असतील, तर दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी घरी असतात. सकाळची वेळ मिळाली तर त्या आठवड्यातली दोन्ही सत्रं त्यांची. बारा आठवड्यांच्या २४ फेऱ्यांमधल्या ८ त्यांनी केल्या की तुमच्या १६ उरल्या. शिवाय सहकाऱ्याबरोबर शिफ्ट बदलून घेणं हे कारखान्यात रोजचं आहे, त्यासाठी त्यांनी सुपरवायझरशी बोलावं. ‘माझ्याकडे देत नाहीत’ असं ते म्हणाले तर विचारा, मागितलं होतं का? वडिलांनी मागितलेलं मी क्वचित पाहिलं. आणि डब्याचं झाकण न उघडता थांबायला बापालाही शिकायचंय.

एका बापाची गोष्ट सांगते. आमच्याकडे मशीन शॉपला एक सुपरवायझर होते. मुलीला सेरेब्रल पाल्सी, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. ते माझ्याकडे तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा म्हणाले, ‘मॅडम, थोडं लवकर सोडायचं बघा ना.’ मी तिन्ही वेळा ‘बघते’ म्हटलं आणि काही केलं नाही, कारण ‘थोडं’ म्हणजे किती, कुठल्या दिवशी, आणि त्यांच्या मागे मशीनवर कोण, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. ते मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, आणि त्या बापाचे चार महिने गेले. याचं मला आजही वाईट वाटतं. चौथ्यांदा ते आले तेव्हा हजेरीपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी तीन वार, निघायची वेळ आणि त्या वेळी लाइन बघणाऱ्या सहकाऱ्याचं नाव लिहून आणलं होतं. खाली सहकाऱ्याची सही. दहा मिनिटांत मंजूर झालं. माणूस तोच, अडचण तीच, मीही तीच. कागद वेगळा होता.

तुमच्या कागदावर लाइनच्या जागी तारखा येतील. अकाउंट्सवाल्यांचं एक बरं असतं, तुमची धावपळ कॅलेंडरवर आधीच छापलेली असते. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी. सर ‘क्लोजिंगला काय करणार?’ म्हणतील तेव्हा त्यांच्या मनात याच तारखा असतात. तुम्ही आधीच तपासून जा. मी कॅलेंडर काढून पाहिलं: या चार तारखा कुठल्याही महिन्यात मंगळवार-गुरुवारवर दोनपेक्षा जास्त वेळा आदळत नाहीत, आणि बऱ्याच महिन्यांत एकदाच. ७ तारीख मंगळवारी आली, तर ११ शनिवारी, १५ बुधवारी आणि २० सोमवारी पडते. म्हणजे त्या महिन्यात फक्त टीडीएसचं चलन सोमवारी करून ठेवायचं. पुढच्या तीन महिन्यांच्या अशा आदळणाऱ्या तारखा लिहून न्या आणि प्रत्येकीपुढे ‘आदल्या दिवशी पूर्ण करीन’ असं लिहा. सप्टेंबरअखेरच्या टॅक्स ऑडिटच्या आठवड्यासारखा एखादा आठवडा खरंच अवघड असेल, तर तेव्हा काय कराल तेही सांगा. त्या आठवड्यात सत्र शनिवारी हलवता येईल का, सेंटरला आत्ताच विचारून ठेवता येतं.

बोलायला वेळ निवडा. २१ तारखेनंतरचा, महिनाअखेरीआधीचा एखादा दिवस, जेवणानंतर. आदल्या दिवशी ‘सर, उद्या दहा मिनिटं हवी होती, कामाच्या वेळेबद्दल’ असं सांगून ठेवा. आत गेल्यावर त्यांच्याच प्रश्नाने सुरुवात करा: “सर, तुम्ही विचारलं होतंत किती दिवस चालणार. त्याचं उत्तर घेऊन आलेय.” मग पत्र पुढे करा, मग तासांचा कागद. माफी मागू नका. सात आठवड्यांत तुम्ही तुमच्या हक्काच्या रजा वापरल्यात. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, कागद त्यांच्या हातात असेल, बोलायचं ते कागद बोलेल.

‘तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील,’ हे वाक्य येणार. याला भांडून उत्तर देऊ नका. ‘सर, मी तीन महिन्यांसाठीच मागतेय, सेंटरच्या पत्रावर आणि तास भरून देऊन. असंच पत्र आणि असाच हिशेब आणणाऱ्या कुणालाही तुम्ही विचार करून देऊ शकता,’ एवढं म्हणा. चाचणीची मुदत देणं फार उपयोगी पडतं. कायमचं ‘हो’ म्हणायला साहेब लोक घाबरतात, सहा आठवड्यांचं ‘बघू’ त्यांना झेपतं. तर सहा आठवड्यांनी स्वतःहून बसून आढावा घेऊ, असं तुम्हीच सुचवा.

ते हो म्हणाले की त्याच संध्याकाळी मेल जायला हवा, सरांना आणि एचआरला कॉपी. ऑफिसची भाषा असेल त्या भाषेत, पण मजकूर असा:

“आज झालेल्या बोलण्यानुसार, ३ तारखेपासून तीन महिन्यांसाठी माझी कामाची वेळ पुढीलप्रमाणे राहील. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ८.३० ते सायंकाळी ६. मंगळवार, गुरुवार सकाळी ८.३० ते दुपारी ३.३०. आठवड्याचे एकूण तास पूर्वीइतकेच म्हणजे ४० राहतील. कृपया हजेरीच्या सिस्टिममध्ये याप्रमाणे वेळ बदलून घ्यावी. सहा आठवड्यांनी आढावा घेऊ. थेरपी सेंटरचे पत्र सोबत जोडले आहे.”

यातलं हजेरीचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि तेच लोक विसरतात. सरांचं ‘हो’ अंगठा लावायच्या मशीनला कळत नाही. मशीनमध्ये तुमची वेळ साडेनऊ ते सहाच राहिली, तर साडेतीनला लावलेला अंगठा ‘लवकर गेल्या’ म्हणून नोंदला जातो, आणि सकाळचा जास्तीचा तास कुठेच मोजला जात नाही. बऱ्याच ठिकाणी अशा तीन नोंदींना अर्धा दिवस रजा कापायचा नियम असतो. रजा संपली की पगार कापला जातो. माझ्या ओळखीच्या एका बाईंना हे तिसऱ्या महिन्याच्या पगारपत्रकावर कळलं. त्यांच्या साहेबांची तोंडी परवानगी होती, एचआरला कुणी कळवलंच नव्हतं, आणि मधल्या काळात साहेब बदलले. नव्या साहेबांसमोर दाखवायला त्यांच्याकडे एक ओळसुद्धा नव्हती. म्हणून नवी वेळ सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सिस्टिममध्ये तुमची हजेरी उघडून बघा. मंगळवारपुढे पूर्ण दिवस दिसला पाहिजे. दिसला नाही तर त्याच दिवशी मेलला उत्तर म्हणून एचआरला कळवा, महिनाअखेरची वाट पाहू नका.

दुसरी गडबड हळूहळू होते. सकाळी साडेआठला तुम्ही एकट्या बसलेल्या असता, ते कुणी पाहत नाही. साडेतीनला पर्स उचलून निघता, ते सगळे पाहतात. दोन महिन्यांत ‘मॅडम लवकर जातात’ एवढंच उरतं आणि अप्रेझलला ते कुठूनतरी येतं. याच्यावर उपाय साधा आहे. सकाळच्या त्या तासात दिसणारं काम करा. आदल्या दिवशीचं बँक रिकन्सिलिएशन किंवा थकबाकीची यादी नऊच्या आत सरांच्या मेलवर पडली, की सकाळचा तास आपोआप दिसायला लागतो. आणि मंगळवार-गुरुवारी साडेतीनपुढची वेळ ऑफिसच्या कॅलेंडरवर भरून टाका, म्हणजे कुणी चारची मीटिंग लावणार नाही. तरीही लागली तर पहिल्याच वेळी नम्रपणे हलवायला सांगा. पहिली मीटिंग तुम्ही थेरपी बुडवून केलीत, की दुसरी लागणारच.

कायद्याबद्दल स्पष्टच सांगते, कारण व्हॉट्सअॅपवर बरंच काही फिरतं. खासगी कंपनीत मुलाच्या थेरपीसाठी वेळ बदलून मिळण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत घरून काम करण्याचं कलम आलं, पण ते बाळंतपणाच्या रजेनंतरचं, कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालकाची संमती असेल तर. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, एकल पुरुष कर्मचाऱ्यांनाही मिळते. तुमच्या कंपनीला तो नियम लागू नाही. तेव्हा ‘कायदा दाखवते’ या सुरात जाऊ नका. तुमचं बळ हिशेबात आहे. एक मर्यादा मात्र तुमच्या बाजूने लक्षात ठेवा: भरपाईच्या नावाखाली कुणी तुम्हाला आठवड्याला ५ ऐवजी ८-१० तास थांबवायला लागलं, तर तो सौदा राहिला नाही. ४० म्हणजे ४०, मेलमध्ये आकडा आहे.

आणि त्यांनी नाहीच म्हटलं तर? ‘कशामुळे?’ एवढं शांतपणे विचारा. अडचण दोन दिवसांची असेल तर एक दिवस मागा आणि दुसरं सत्र शनिवारी हलवा. स्पीचचं एखादं सत्र व्हिडिओवर घेता येतं का हे थेरपिस्टला विचारता येईल, पण इतकं लहान मूल पडद्यासमोर बसेलच असं नाही. तिथे थेरपिस्ट तुम्हाला शिकवते आणि तुम्ही मुलाबरोबर करता, असं सत्र चालतं. ऑक्युपेशनल थेरपीत झोपाळा, चेंडू, दोरी लागतात, ते व्हिडिओवर होत नाही. अडचण सरांची व्यक्तिगत असेल, तर तोच कागद घेऊन एचआरकडे जा, सरांना सांगून. पाठीमागून गेलात तर पुढची दोन वर्षं जड जातील.

नोकरी सोडण्याबद्दल विचारलंत. आज तो निर्णय घेऊ नका, निदान या बोलण्याचा निकाल लागेपर्यंत. दोन्ही दिवशी स्पीचचं एक आणि ऑक्युपेशनलचं एक धरलं, तर आठवड्याला चार सत्रं म्हणजे महिन्याला साधारण १७. सेंटरच्या एका सत्राच्या फीला १७ ने गुणा आणि तो आकडा एकट्या नवऱ्याच्या पगारातून भागेल का, ते दोघं बसून बघा. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असा ओपीडीतला थेरपीचा खर्च सहसा बसत नाही. पुढे ऑटिझमसारखं निदान होऊन सरकारी प्रमाणपत्र निघालं, तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही येते. पण नुसत्या उशिरा बोलण्याला ते लागू नाही. म्हणजे सध्या तुमच्या मुलाच्या थेरपीची फी बरीचशी तुमच्या पगारातूनच जातेय. हेही मनात असू द्या, केबिनचं दार ढकलताना.

या गुरुवारी सेंटरवर जाल तेव्हा निघण्याआधी रिसेप्शनवर दोन गोष्टी मागा: ते चार ओळींचं पत्र, आणि पुनर्मूल्यमापनाची तारीख.